माद्रिदमध्ये पाकीट आणि पासपोर्ट गेला, तर पोलीस ठाण्यात काय सांगायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं माद्रिदमध्ये राहते. उन्हाळा सुरू झाला की दर दोन-तीन आठवड्यांनी कुणाचा तरी फोन येतो. कधी मावसबहिणीचे शेजारी, कधी भावाच्या ऑफिसमधले साहेब. सुरुवात एकच असते: "ताई, तुम्हाला स्पॅनिश येतं ना?" पुढचं वाक्यही आता मला पाठ आहे. त्या फोनांवर आणि पोलीस ठाण्याच्या बाकांवर जे प्रश्न आले, ते इथे एकत्र केले आहेत. सगळं स्पेनपुरतं आणि त्यातही माद्रिदपुरतं आहे. लॅटिन अमेरिकेबद्दल शेवटाकडे थोडंसं आहे.

उदाहरण म्हणून नाशिकच्या एका काका-काकूंची गोष्ट अधूनमधून येईल. मे महिन्यातला रविवार, एल रास्त्रोचा बाजार. हा बाजार ला लातिना भागात रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी भरतो आणि कास्कोर्रोच्या चौकात माणसाला माणूस चिकटलेला असतो. काकांच्या कमरेच्या पाऊचची चेन उघडी सापडली. पाकिटात १८० युरो आणि दोन कार्डं, शिवाय त्याच कप्प्यात पासपोर्ट. परतीचं विमान बुधवारी.

आधी काय करायचं: पोलीस की बँक?

बँक. पोलिसांकडे तासाभराने गेलात तरी बिघडत नाही, पण कार्ड तासभर चालू राहिलं तर बिघडतं. काकांचं बँकेचं ॲप काकूंच्या फोनवर नव्हतं. त्यांनी नाशिकला मुलाला फोन लावला. माद्रिदमध्ये साडेबारा वाजले होते, तिकडे दुपारचे चार (उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार). मुलाने दोन्ही कार्डं बंद केली आणि प्रत्येक तक्रारीचा क्रमांक व वेळ व्हॉट्सॲपवर पाठवली. ती वेळ जपून ठेवा. त्यानंतर कुणी कार्ड वापरलं, तर बँकेशी बोलताना तोच पुरावा असतो. पोलीसही विचारतात, कार्डं बंद केली का आणि कधी.

कुणी इजा केली असेल, धमकावलं असेल किंवा चोर अजून समोर असेल, तर ही सगळी क्रमवारी बाजूला ठेवा आणि ११२ ला फोन करा.

कोणत्या पोलीस ठाण्यात जायचं? स्पेनमध्ये तर चार-पाच प्रकारचे पोलीस दिसतात.

खरं आहे, नव्या माणसाचा गोंधळ होतोच. शहरांत चोरीची तक्रार 'पोलिसीया नासियोनाल' घेते. त्यांच्या ठाण्याला 'कोमिसारीया' म्हणतात. खेड्यापाड्यांत आणि महामार्गांवर 'ग्वार्दिया सिविल' असते. रस्त्यावर वाहतूक सांभाळताना दिसतात ते बहुतेकदा पालिकेचे पोलीस. ते तुम्हाला बरोबर ठिकाणी पाठवतील. बार्सिलोना कातालुन्यात येतं, त्यामुळे तिथे हे काम 'मोसोस द'एस्क्वाद्रा' करतात. बास्क प्रदेशात 'एर्त्साइन्त्सा'.

माद्रिदच्या मध्यभागी लेगानितोस रस्त्यावर पोलिसीया नासियोनालचं मध्य विभागाचं ठाणं आहे. परदेशी पर्यटकांसाठीचा मदत विभागही तिथलाच. त्याचं नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे आद्याक्षरं जोडून 'साते' म्हणतात. तिथे इंग्रजी बोलणारं कुणीतरी असतं. ते कार्डं बंद करायला आणि दूतावासाशी संपर्क साधायलाही मदत करतात. शक्य असेल तर तिकडेच जा. लांब असाल तर जवळच्या कोणत्याही कोमिसारीयात जा. चोरी ज्या भागात झाली तिथल्याच ठाण्यात तक्रार करायला हवी, असं नाही. "आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य मी इथे अजून ऐकलेलं नाही.

तक्रारीला पैसे लागत नाहीत. फोनवर किंवा ऑनलाइनही तक्रार सुरू करता येते, पण पर्यटकाला सही करायला साधारणपणे ठाण्यात जावं लागतं. दोन दिवसांत विमान असेल, तर सरळ ठाण्यात जाऊन रांगेत बसलेलं बरं. काका-काकू दोन वाजता पोहोचले, चार वाजता नंबर लागला आणि पुढे पाऊण तास जबाब चालला. खायला काहीतरी बरोबर घ्या.

'देनुन्सिया' म्हणजे एफआयआर का?

ढोबळमानाने हो. घडलेली गोष्ट पोलिसांसमोर सांगायची, ते ती टंकलिखित करतात, तुम्ही सही करता आणि शिक्का मारलेली प्रत तुम्हाला मिळते. त्या कागदावर वर एक क्रमांक असतो. दूतावास, विमा कंपनी, बँक आणि हॉटेल यांना पुढे हवा असतो तो हाच कागद. दारात शिरताना एवढंच म्हणा:

"ओला, किएरो पोनेर ऊना देनुन्सिया." नमस्कार, मला तक्रार नोंदवायची आहे.

उच्चाराबद्दल एक सूचना. मी इथे 'स' लिहिला आहे, पण माद्रिदचे लोक या शब्दात तो जीभ दातांत धरून, 'थ'च्या जवळपास उच्चारतात. त्यामुळे तुमच्या कानावर 'देनुन्थिया' पडेल. तुम्ही 'स' म्हणालात तरी त्यांना नीट कळतं, कारण अख्खी लॅटिन अमेरिका तसंच बोलते. आपलं एक बरं आहे: स्पॅनिशमधले 'त' आणि 'द' मराठीसारखेच दंत्य आहेत. इंग्रजी वळणाचे 'ट' आणि 'ड' मात्र टाळा.

हरवलं म्हणायचं, चोरलं म्हणायचं की लुटलं?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण इथे चुकीचा शब्द गेला की पुढचे सगळे कागद चुकतात.

स्पॅनिशमध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली 'पेर्दीदा', म्हणजे हरवणं, कुठेतरी राहून जाणं. यात गुन्हा नाही. दुसरी 'उर्तो'. तुमच्या नकळत, बळजबरी न करता, काही न फोडता वस्तू नेली तर तो उर्तो. खिसेकापूचं काम म्हणजे उर्तो. तिसरी 'रोबो'. मारहाण, धमकी, हातातून हिसका मारून पळणं किंवा कुलूप, काच फोडून चोरणं म्हणजे रोबो. स्पेनच्या दंडसंहितेत उर्तो २३४व्या कलमात आहे आणि रोबो २३७व्या कलमापासून पुढे. उर्तोत वस्तूंची किंमत ४०० युरोपेक्षा जास्त नसेल, तर तो साधारणपणे हलका गुन्हा धरला जातो.

गंमत अशी की रोजच्या बोलण्यात स्पॅनिश माणूस या सगळ्याला 'रोबादो'च म्हणतो. "मे आन रोबादो ला कार्तेरा" हे वाक्य खिसा कापला गेलेला माणूसही म्हणतो. तुम्हीही खुशाल म्हणा. पण मग अधिकारी विचारेल: कसं? ढकललं का? धमकावलं का? तुमच्या उत्तरावरून तो कागदावर उर्तो लिहायचं की रोबो, ते ठरवतो. काकांचं खरं उत्तर हे होतं:

"मे आन आबिएर्तो ला रिन्योनेरा. नो ए बीस्तो आ नादिए. नो आ आबीदो बिओलेन्सिया." माझं कमरेचं पाऊच उघडलं. मी कुणाला पाहिलं नाही. मारहाण झाली नाही.

कागदावर उर्तो लिहिलं गेलं. बरोबरच होतं ते.

विमा मिळावा म्हणून थोडं वाढवून सांगितलं तर?

हा प्रश्न लोक आवाज खाली आणून विचारतात. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की नुसतं हरवल्याचे पैसे विमावाले देत नाहीत, तेव्हा "चाकू दाखवला" म्हणा. तसं करू नका. न घडलेल्या गुन्ह्याची तक्रार करणं हा स्पेनमध्ये स्वतंत्र गुन्हा आहे. दंडसंहितेचं ४५७वं कलम त्यासाठी आहे आणि शिक्षा ६ ते १२ महिन्यांच्या हिशेबाने दंडाची आहे. तिथला दंड रोजच्या ठरावीक रकमेला दिवसांनी गुणून काढतात, त्यामुळे आकडा भरभर वाढतो. विम्यासाठी रचलेल्या लुटीच्या कथा पोलिसांनी भरपूर ऐकलेल्या आहेत. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या बाजूने आला, कोणत्या हातात चाकू, इथपर्यंत प्रश्न जातात. बाजारात कॅमेरेही असतात.

आणि खरंच माहीत नसेल, तर तसंही सांगता येतं. ते चालतं:

"नो से सी लो ए पेर्दीदो ओ मे लो आन रोबादो." हरवलं की चोरलं, मला माहीत नाही.

अधिकारी मग शेवटचं कधी पाहिलं आणि कधी लक्षात आलं, एवढं लिहून घेतो. पासपोर्टच्या कामाला हा कागदही चालतो. विम्याचं मात्र पॉलिसीत वाचा. अनेक भारतीय पॉलिसींत पोलिसांकडे २४ तासांच्या आत तक्रार केलेली असावी अशी अट असते आणि रोख रक्कम बहुतेकदा वगळलेली असते.

पाकिटाला नक्की कोणता शब्द? कार्तेरा, बोल्सा, बोल्सो…

हसू नका, यावरून खरंच घोटाळे होतात. स्पेनमध्ये 'कार्तेरा' म्हणजे नोटांचं पाकीट. 'मोनेदेरो' म्हणजे चिल्लर ठेवायची छोटी पर्स. 'बोल्सो' म्हणजे बायकांची हँडबॅग, 'बोल्सा' म्हणजे बाजारची पिशवी आणि 'बोल्सियो' म्हणजे खिसा. पाठीवरची सॅक 'मोचीला', कमरेचं पाऊच 'रिन्योनेरा'. काकूंनी फोनमधल्या शब्दकोशावरून पाऊचला 'बोल्सा' सांगितलं. अधिकाऱ्याने लिहिलं की प्लास्टिकच्या पिशवीतून पासपोर्ट गेला. वाचून दाखवल्यावर ते सापडलं, नाहीतर विमा कंपनीने नक्कीच विचारलं असतं की पासपोर्ट पिशवीत कोण ठेवतं.

पेरू, चिली किंवा अर्जेंटिनात असाल तर उलटं आहे. तिकडे 'कार्तेरा' म्हणजे हँडबॅग आणि पाकिटाला 'बियेतेरा' म्हणतात.

स्पॅनिश अजिबात येत नाही. दुभाषी मागता येतो का?

हो. गुन्ह्याच्या पीडिताला समजणाऱ्या भाषेत मोफत मदत मिळण्याचा हक्क स्पेनच्या २०१५ च्या पीडित हक्क कायद्यात (४/२०१५) दिलेला आहे. तक्रारीची शिक्का मारलेली प्रत मिळण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दुभाषी फोनवर असतो आणि भाषा इंग्रजी असते. मराठी मिळेल ही आशा सोडून द्या. ही चार वाक्यं पाठ असली की निभावतं:

"नेसेसीतो उन इन्तेर्प्रेते, पोर फावोर." मला दुभाषी हवा आहे.

"आब्ला इंग्लेस?" तुम्हाला इंग्रजी येतं का?

"मास देस्पासियो, पोर फावोर." जरा सावकाश बोला.

"लो पुएदे एस्क्रिबीर?" लिहून दाखवाल का?

चौथं वाक्य सगळ्यात कामाचं. स्पॅनिश लोक झपाट्याने बोलतात, पण लिहिलेला शब्द तुम्हाला शोधता येतो.

बरोबर स्पॅनिश येणारं कुणी असेल तर त्याला आत येऊ द्या, अशी विनंती करा. बहुतेकदा येऊ देतात. पण जबाब तुमचा आहे. काकांच्या जागी मीच उत्तरं द्यायला लागले तेव्हा अधिकाऱ्याने मला शांतपणे थांबवलं आणि तोच प्रश्न पुन्हा काकांकडे बघून विचारला.

आत गेल्यावर कोणते प्रश्न येतात?

आधी ओळखीचे, मग घटनेचे. ओळखीत 'नोम्ब्रे' (नाव), 'आपेयीदोस' (आडनावं, हो, अनेकवचन), जन्मतारीख, जन्मगाव, भारतातला पत्ता, इथलं हॉटेल, फोन. शिवाय 'नोम्ब्रे देल पाद्रे' आणि 'नोम्ब्रे दे ला माद्रे', म्हणजे आई-वडिलांची नावं. सत्तरीच्या माणसाला पोलीस आईचं नाव का विचारतात म्हणून काका गडबडले. चिडू नका, स्पेनमध्ये ओळख अशीच लिहितात.

घटनेत हे येतं:

"क्वान्दो आ सीदो?" कधी झालं?

"दोन्दे?" कुठे?

"के येबाबा एन ला कार्तेरा?" पाकिटात काय होतं?

"क्वान्तो दिनेरो आबिया?" पैसे किती होते?

शेवटच्या प्रश्नाला अंदाज चालतो, पण तो अंदाज आहे हे सांगा: "मास ओ मेनोस", म्हणजे साधारण. वेळेच्या बाबतीत चोरी किती वाजता झाली हे बहुतेकांना माहीत नसतं. माहीत असते ती लक्षात आल्याची वेळ, आणि त्यासाठी वेगळं वाक्य आहे:

"मे ए दादो क्वेन्ता आ लास दोसे इ क्वार्तो." सव्वाबाराला माझ्या लक्षात आलं.

काकांनी अकरा वीसला चौकात एक पितळी घंटा विकत घेतली होती, तेव्हा पाकीट होतं. सव्वाबाराला खायला थांबले, तेव्हा नव्हतं. कागदावर हीच दोन टोकं आली. मधल्या वेळात काय झालं याचा तर्क लढवायची गरज नसते.

नावाचा काय घोळ होतो?

स्पॅनिश माणसाला एक नाव आणि दोन आडनावं असतात: पहिलं बहुधा वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. आपलं तीन भागांचं नाव पाहिलं की त्यांचा हात आपोआप त्याच साच्यात जातो. समजा तुमच्या पासपोर्टवर नावाच्या जागी 'सुनील वसंत' आणि आडनावाच्या जागी 'पाटील' आहे. अधिकारी लिहितो: नाव सुनील, पहिलं आडनाव वसंत, दुसरं पाटील. झालं. आता कागदावर तुम्ही श्री. वसंत आहात. बायकांच्या बाबतीत नवऱ्याचं नाव असंच आडनाव होऊन बसतं.

उपाय सोपा आहे. पासपोर्टची छायाप्रत किंवा मोबाइलमधला फोटो पुढे करा आणि तिथे जसं आहे तसंच लिहायला सांगा:

"मि आपेयीदो एस पाटील. सोलो उनो." माझं आडनाव पाटील. एकच.

सहीच्या आधी ते प्रत वाचायला देतात. स्पॅनिश येत नसलं तरी नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि रकमेचा आकडा तुम्हाला वाचता येतोच. एकेक अक्षर तपासा. चूक दिसली तर:

"आइ उन एर्रोर एन मि नोम्ब्रे." माझ्या नावात चूक आहे.

सहीआधी दुरुस्ती एका मिनिटात होते. सहीनंतर पुन्हा रांग. शेवटी म्हणा: "नेसेसीतो ऊना कोपिया सेयादा. एस पारा ला एम्बाखादा इ पारा एल सेगूरो." शिक्क्याची प्रत हवी, दूतावासासाठी आणि विम्यासाठी. जमलं तर दोन प्रती मागा.

पासपोर्टची छायाप्रतच नाही. क्रमांकही आठवत नाही.

हॉटेलला विचारा. स्पेनमध्ये हॉटेलांना प्रत्येक पाहुण्याच्या ओळखपत्राची नोंद ठेवावीच लागते, त्यामुळे तुमचा क्रमांक त्यांच्या संगणकात असतो. घरभाड्याने राहात असाल तर मालकाकडेही असायला हवा. विमान तिकीट काढताना क्रमांक भरला असेल तर तिथे सापडतो. व्हिसाच्या अर्जाच्या ईमेलमध्येही. काकूंच्या ट्रॅव्हल एजंटने नाशिकहून रविवारीही पाच मिनिटांत पासपोर्टचं पान आणि शेंगेन व्हिसाचं पान पाठवलं. व्हिसाच्या पानाची प्रत विसरू नका, पुढे ती लागते.

दूतावासात काय मिळतं?

भारताचा दूतावास माद्रिदच्या उत्तर भागात, पिओ बारावा या हमरस्त्यावर आहे. शनिवार-रविवारी खिडकी बंद असते. जाण्याआधी eoimadrid.gov.in वर ताजी कागदपत्रांची यादी आणि वेळ बघा, कारण यादी बदलते.

रस्ते दोन. लगेच घरी जायचं असेल तर 'इमर्जन्सी सर्टिफिकेट'. तो भारतात परत जाण्यापुरता, एकाच फेरीचा कागद असतो. इथे शिकायला किंवा नोकरीला असाल आणि परत जायचं नसेल, तर बदली पासपोर्टचा अर्ज. तो मिळायला वेळ लागतो. पर्यटकाने पहिला रस्ता धरावा. त्यात एक कडू गोष्ट आहे: व्हिसा पासपोर्टबरोबर गेला, आणि नवीन कागदावर तो आपोआप येत नाही. माद्रिदनंतर पॅरिस, मग रोम असा बेत असेल, तर तो तिथेच संपतो.

काकांनी सोमवारी सकाळी नेलेले कागद असे: देनुन्सियाची प्रत, भरलेला अर्ज, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, परतीचं तिकीट, फोटो. अडले ते फोटोवर. इथल्या मेट्रो स्थानकातल्या फोटोच्या यंत्रातून स्पॅनिश ओळखपत्राच्या मापाचे, ३२ गुणिले २६ मिलिमीटरचे इवलेसे फोटो येतात. ते चालले नाहीत. फोटोच्या दुकानात जाऊन, दूतावासाच्या संकेतस्थळावरचं माप मोबाइलवर दाखवून नवे काढले. अर्धा दिवस त्यातच गेला. भारतातल्या नोंदींशी पडताळणी होऊन मंगळवारी संध्याकाळी कागद हातात आला. प्रत्येक वेळी इतक्या लवकर होईलच असं नाही, म्हणून बुधवारचं विमान असेल तर सोमवारी दार उघडताना तिथे हजर राहा.

विमानतळावर अडवतील का? व्हिसा तर हरवला.

इमर्जन्सी सर्टिफिकेट, देनुन्सियाची शिक्क्याची प्रत आणि जुन्या व्हिसाची प्रत एकत्र ठेवा आणि सीमेवरच्या खिडकीत तिन्ही एकदम द्या. तुम्ही कधी आलात हे त्यांना बघायचं असतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यामुळे शिक्का असलेलं पान नसलं तरी तारीख सापडण्याची शक्यता वाढली आहे. नेहमीपेक्षा दीड-दोन तास जास्त हाताशी ठेवा.

मधल्या विमानतळाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. फ्रँकफुर्ट किंवा पॅरिसला विमान बदलत असाल तर युरोपातून बाहेर पडण्याची तपासणी तिथे होते. आखाती देशातून किंवा इस्तंबूलहून जात असाल तर त्या देशात हा कागद चालतो का, हे विमान कंपनीला आधी फोन करून विचारा. तिकीट बदलायचं असेल तर दूतावासात जाण्याआधीच बदला, कारण अर्जासोबत तिकीट जोडायचं असतं.

तक्रार केल्यावर आणखी काही आठवलं तर?

परत जाऊन जुन्याच तक्रारीत भर घालता येते. त्याला 'आम्प्लियासियोन' म्हणतात. बंद करण्याआधी कार्डावर कुणी खरेदी केली असं दुसऱ्या दिवशी दिसलं, तर हेच करायचं. बँक तो कागद मागते.

"किएरो आम्प्लियार ला देनुन्सिया." मला तक्रारीत भर घालायची आहे. सोबत जुन्या प्रतीवरचा क्रमांक दाखवा.

मेक्सिको किंवा पेरूत असं झालं तर हेच चालेल?

वाक्यं चालतील, ठाणं बदलेल. मेक्सिकोत चोरीची तक्रार साध्या पोलिसाकडे नाही, तर 'फिस्कालीया'तल्या 'मिनिस्तेरियो पुब्लिको'कडे करायची. नुसतं हरवलं असेल तर 'कोन्स्तान्सिया दे एक्स्त्राबीयो' नावाचा कागद मागायचा. पेरूत कोमिसारीयाच, पण पर्यटकांच्या शहरांत 'पोलिसीया दे तुरीस्मो' वेगळी असते, तिकडे जा. 'एक्स्त्राबीयो' हा शब्द लक्षात ठेवा. 'पेर्दीदा' कळतंच, पण कार्यालयांतल्या कागदांवर हरवण्याला तोच शब्द दिसतो.

चोर कागदपत्रं फेकून देतात म्हणे. परत मिळतात का?

मिळतात कधीकधी. चोराला हवे असतात पैसे. उरलेलं पाकीट कचऱ्याच्या डब्यात किंवा टपालाच्या पिवळ्या पेटीत जातं. माद्रिद पालिकेचं हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय लेगास्पी भागात आहे. त्याला 'ओब्खेतोस पेर्दीदोस' म्हणतात. दोन-तीन आठवड्यांनी तिथे चौकशी करायला हरकत नाही.

फक्त एक लक्षात घ्या. पासपोर्ट हरवल्याची नोंद झाली की भारताच्या यंत्रणेत तो रद्द होतो आणि असे क्रमांक इंटरपोलच्या यादीतही जातात. नंतर सापडला म्हणून तो घेऊन विमानतळावर गेलात, तर खिडकीतल्या माणसाच्या पडद्यावर तुम्ही चोरीचा पासपोर्ट घेऊन आलेले दिसता. सापडलेला जुना पासपोर्ट दूतावासात किंवा भारतातल्या पासपोर्ट कार्यालयात जमा करायचा. काकांचं पाकीट महिनाभराने सापडलं, आत दोन बंद कार्डं आणि पितळी घंटेची पावती होती. पासपोर्ट नव्हता.